हजाराव्या माणसाला काय लिहायचं?

माझी भाची राहुरी तालुक्यातल्या मुळाकाठच्या गावात राहते आणि व्हॉट्सअॅपवर धरणांच्या पाण्याचं एक चॅनेल चालवते. जलसंपदा विभागाच्या सकाळी सहाच्या नोंदी आल्या की ती त्या नीट मांडून टाकते. भंडारदरा, निळवंडे आणि मुळा या धरणांचा साठा त्यात असतो, घाटघर-रतनवाडीचा पाऊस असतो, कोतूळला मुळेचा विसर्ग किती ते असतं आणि दरवाजे उघडले असतील तर खाली किती सोडलं तेही असतं. आकड्यांखाली एकदोन ओळींत अर्थ, बस. जुलैअखेर पाणलोटात जोराचा पाऊस झाला आणि त्या आठवड्यात तिच्या चॅनेलवर हजार माणसं झाली. तिने मला फोन केला, ‘‘मामा, आभाराचं काहीतरी लिहायचंय. तुम्ही पेपरात होता, जरा बघून द्या.’’

मी जिल्ह्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. वर्धापनदिनाच्या अंकात पहिल्या पानावर वाचकांचे आभार मानणारी चौकट तयार करण्याचं काम दरवर्षी माझ्याकडे यायचं. ती चौकट छापून झाल्यावर कोणी वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यामुळे या कामाबद्दल मला आदर नाही, पण त्याचे सांधे मला माहीत आहेत.

तिचा पहिला मसुदा असा होता: ‘‘आपल्या सर्वांच्या प्रेमामुळे आज आपल्या परिवाराने १००० चा टप्पा गाठला! एका छोट्या खेड्यातून सुरू झालेला हा प्रवास इथवर येईल अशी कल्पनाही केली नव्हती. तुमची साथ अशीच राहू द्या. अजून खूप लांबचा पल्ला गाठायचा आहे. आपल्या मित्रांनाही जोडा.’’

मी तिला एकच काम सांगितलं. प्रत्येक वाक्याखाली लिही, हे वाक्य कोणाविषयी आहे. पहिलं आकड्याविषयी, दुसरं तिच्याविषयी. तिसरं-चौथं तिच्या पुढच्या इच्छेविषयी आणि पाचवं वाचकाला सांगितलेलं काम. ज्याचे आभार मानायचे तो वाचक ‘प्रेम’ या एका शब्दात आटोपला होता, आणि सकाळी सहाला साठा बघणारा ऊस-बागायतदार प्रेमापोटी तो बघत नसतो. त्याला मोटर उचलायची की नाही हे ठरवायचं असतं. नदीपात्रातली मोटर वेळेत वर काढली नाही तर वाहून जाते.

मागणीही कुठे लपली होती ते बघण्यासारखं आहे. ‘मित्रांना जोडा’ तर उघड आहे, ते ती स्वतःच खोडायला निघाली होती. पण ‘साथ अशीच राहू द्या’ हीसुद्धा मागणीच, फक्त नमस्कार घालून केलेली. ‘लांबचा पल्ला’ तर अधिकच चलाख. त्यात आजच्या हजारांना कळतं की तुम्ही पुरेसे नाही. आभाराच्या चिठ्ठीत हे कशाला? आणि ‘छोट्या खेड्यातून’ यात नम्रतेचा आव आणून स्वतःची उंची मोजलेली असते. सुरुवात जितकी खाली दाखवावी तितकी चढण मोठी दिसते. नगरच्या सभांमध्ये ही वाक्यं मी इतकी ऐकली आहेत की वक्ता माईकपाशी यायच्या आधीच ती मला ऐकू येतात.

मग मी तिला विचारलं, ‘‘या हजार माणसांनी तुझ्यासाठी नेमकं केलं काय?’’

‘‘केलं म्हणजे? वाचलं.’’

‘‘आणखी?’’

चॅनेलवर वाचक उलट लिहू शकत नाहीत, फार तर अंगठा किंवा हात जोडलेलं चित्र देतात. त्यांना एकमेकांची नावंही दिसत नाहीत. म्हणजे हजार हा तिथे निव्वळ आकडा आहे, चेहरा नाही. पण गावात तिचा नंबर सगळ्यांकडे आहे, त्यामुळे खरी ये-जा फोनवर होती. ती सांगायला लागली तशी गोष्ट उलगडत गेली.

सुरुवातीला ती कोतूळचा विसर्ग क्युसेकमध्ये द्यायची आणि धरणाचा साठा दलघफूमध्ये, म्हणजे दशलक्ष घनफुटात. जसे आकडे येतात तसे. लोक विचारत, ‘‘मग धरण भरेल कधी?’’ तिला उत्तर देता येत नव्हतं. एका निवृत्त कालवा निरीक्षकाने फोन करून तिला गुणाकार शिकवला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसात ८६,४०० सेकंद. म्हणून एक क्युसेक दिवसभर वाहिला की ८६,४०० घनफूट पाणी जमतं, आणि क्युसेकला ०.०८६४ ने गुणलं की दिवसाचे दलघफू मिळतात. कोतूळला दिवसभर दहा हजार क्युसेक टिकून राहिला तर मुळेत साधारण ८६४ दलघफू येतात. मुळा धरणाची क्षमता २६,००० दलघफू, म्हणजे २६ टीएमसी. अर्धं धरण रिकामं असेल तर या हिशेबाने पंधरा दिवस लागतील. पण त्या गृहस्थांनी पुढचं वाक्यही सांगितलं होतं आणि ते जास्त मोलाचं आहे: विसर्ग दिवसभर तेवढाच टिकत नाही, रात्रीत निम्मा होतो किंवा दुपटीने वाढतो. शिवाय कोतूळच्या खाली पडलेला पाऊस त्या मोजमापात येतच नाही. म्हणून ‘पंधरा दिवसांत भरेल’ असं कधी लिहू नकोस, ‘याच वेगाने आलं तर’ असं लिही. तेव्हापासून ती तसंच लिहिते.

दुसरं, कोतूळच्या बाजूचा एक जण पाणी वाढलं की पुलावरून फोटो पाठवतो. सरकारी नोंद दिवसातून ठरावीक वेळीच होते, फोटो मधल्या वेळात येतो. ती तो फोटो टाकत नाही, पण त्यावरून तिला कळतं की पुढच्या नोंदीची वाट बघायची की लोकांना आधीच सावध करायचं. तिसरी मंडळी पैठणकडची. मुळा आणि प्रवरा दोन्हींचं पाणी शेवटी गोदावरीतून जायकवाडीत जातं, त्यामुळे खालचे लोक वरचे आकडे बघतात. नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हा पाण्याचा वाद कोर्टापर्यंत गेलेला, पण सकाळी सहाला दोन्हीकडचे लोक तीच नोंद वाचत असतात. त्यातल्या एकाने तिला सुचवलं होतं की फक्त साठ्याची टक्केवारी देऊ नकोस, किती सोडलं तेही दे. वरच्याला टक्के पुरतात, खालच्याला विसर्ग लागतो.

हे सगळं ऐकल्यावर मी म्हणालो, ‘‘हेच लिही की.’’

यात दोन अडचणी आल्या. पहिली नावांची. निरीक्षकांचं नाव घालावं असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, त्यांना विचार. त्यांनी नको म्हटलं, कारण नाव आलं की गावातले लोक आवर्तनाची तक्रार त्यांच्याकडे घेऊन येतील. तेव्हा काम सांगायचं, नाव नाही. ज्याचं काम आहे त्याला ते बरोबर कळतं. दुसरी अडचण म्हणजे बाकीच्यांचं काय? फोन करणारे मोजके, उरलेले नुसते वाचणारे. त्यांनाही खोटं श्रेय देऊ नये. ‘तुम्हा सर्वांच्या सूचनांमुळे’ असं लिहिलं की ज्याने सूचना दिली तो सर्वांत विरघळून जातो आणि ज्याने दिली नाही त्याला उगाच संकोच होतो.

मागण्याच्या बाबतीत मला आमच्याच जिल्ह्यातलं एक जुनं उदाहरण आठवतं. नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० च्या सुमारास, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला ज्ञानदेव श्रोत्यांकडे काही मागतात. मागणी मोठी नाही, एकदा लक्ष द्या एवढीच, आणि त्याबदल्यात सर्व सुखाची हमी देतात. हे बोलून झाल्यावर लगेच सांभाळून घेतात की तुम्हा जाणत्यांपुढे मी हे मोठेपणाने बोलत नाही, सलगीने विनवतो. सलगी का, तर श्रोते श्रीमंत माहेरासारखे, तिथे लाड पुरतात. मला यात भावतं ते हे की मागणं टाळलेलं नाही. पण जे मागितलं ते समोर बसलेल्यांकडूनच आणि आत्ताच मिळणारं आहे. आणखी माणसं घेऊन या, असं ते म्हणत नाहीत.

भाचीला मी अध्याय वाचून दाखवला नाही. ती पाण्याचं बघत होती, तिला घाई होती. पण दुसऱ्या मसुद्यात ‘काय मागावं’ हा प्रश्न आलाच. तिला हवं होतं की आकड्यात गफलत दिसली तर लोकांनी लगेच फोन करावा. ही मागणी मी ठेवायला सांगितली. वाचक ते करू शकतो, त्याचा फायदा त्यालाच आहे, आणि तसं यापूर्वी घडलेलंही आहे.

आकड्याविषयी ती अडून बसली. ‘‘मामा, हजार तर लिहायलाच पाहिजे ना?’’ लिहावं, एकदा. ठळक नाही, पहिल्या ओळीत नाही, उद्गारचिन्हाशिवाय. आणि त्या आकड्याचं कारण प्रामाणिकपणे सांगावं. चॅनेल सुरू होऊन बराच काळ झाला होता, तरी लोक भराभर आले ते पाऊस पडल्यावर. श्रेय लिखाणाला द्यावं तर पाऊस हसेल. पाऊस ओसरला आणि दरवाजे बंद झाले की यातले काही जण निघून जातील, हे तिलाही ठाऊक आहे.

त्यावरून तिने एक ओळ लिहिली: ‘‘ज्यांना फक्त पावसाळ्यापुरतं हवं होतं, त्यांनी निर्धास्त बाहेर पडावं.’’ वाचताना मला ती आवडली. मग दोघांनीही त्या ओळीकडे पुन्हा पाहिलं. जाणाऱ्याला जायला सांगणं हीसुद्धा एक ऐट असते. ‘मला पर्वा नाही’ असं दाखवणारी. जाणारा माणूस परवानगी मागत नाही. ओळ काढली आणि तिच्या जागी थांबणाऱ्याला पुढे काय मिळेल ते घातलं.

शेवटी असं झालं: ‘‘आजचे आकडे वर दिले आहेत. पावसामुळे या आठवड्यात चॅनेलवर बरेच नवे लोक आले, आता एक हजाराच्या आसपास आहेत. विसर्गावरून साठा कसा मोजायचा हे एका निवृत्त कालवा निरीक्षकांनी शिकवलं. कोतूळहून पाण्याचे फोटो येतात. सोडलेलं पाणीही द्या, हे पैठणकडच्या वाचकाने सुचवलं. या तिघांमुळे सकाळची नोंद सुधारली, त्यांचे आभार. रोज वाचणाऱ्यांचेही आभार. आकड्यात चूक दिसली तर फोन करा. पावसाळ्यानंतर इथे उजव्या आणि डाव्या कालव्याच्या आवर्तनाच्या तारखा येतील.’’

‘आसपास’ हा शब्द शेवटच्या घटकेला आला. हजार झाले तेव्हा पाठवायचं ठरलं होतं, पण लिहीपर्यंत चारपाच जण निघून गेले आणि आकडा हजाराच्या खाली आला. पुन्हा हजार भरतील त्या क्षणी पाठवायचं म्हणून थांबायचं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, थांबू नकोस, आणि संध्याकाळी वेगळं पाठवूही नकोस. धरणाच्या चॅनेलवर अवेळी निरोप आला की माणूस धडपडत फोन उघडतो, त्याला वाटतं दरवाजे उघडले. सकाळच्या नोंदीखालीच जाऊ दे.

तसं गेलं. त्या दिवशी तिला जे फोन आले त्यातला एकही आभाराबद्दल नव्हता. नेवाशाच्या एका शेतकऱ्याने विचारलं, उजव्या कालव्याचं आवर्तन नक्की कधी सुटणार. तारीख अजून जाहीर झाली नव्हती, तसं तिने सांगितलं आणि त्याचा नंबर कालव्याच्या यादीत लिहून घेतला.