लेखांक ६ : वितरक शोधणारा ईमेल आणि दरांची साखळी

लहान खाद्यपदार्थ उत्पादक वितरक नेमण्यासाठी व्यापाऱ्यांना ईमेल पाठवतात तेव्हा त्यात मालाच्या चवीचे वर्णन भरपूर असते, परंतु ‘आकर्षक मार्जिन’ या मोघम शब्दांपलीकडे दराचा उल्लेख सहसा नसतो. व्यापारी मात्र प्रथम दरच पाहतो.

उदाहरणादाखल, कोल्हापुरातील एका मसाला उत्पादकाला सातारा तालुक्यासाठी वितरक हवा असून त्याच्या कांदा-लसूण मसाल्याच्या २०० ग्रॅमच्या पाकिटाची छापील किंमत, म्हणजे सर्व करांसह ग्राहकाकडून घेता येणारी कमाल किंमत, १०५ रुपये आहे असे मानू. ५ टक्के जीएसटी वजा केल्यास मूळ विक्रीमूल्य १०० रुपये उरते. किरकोळ दुकानदाराला त्यावर २० रुपये सुटावेत असे ठरवल्यास वितरकाने त्याला ८० रुपये अधिक कर, म्हणजे ८४ रुपयांना पाकीट द्यावे लागते आणि वितरकासाठी ६ रुपये ठेवले तर उत्पादकाचा दर ७४ रुपये अधिक कर, म्हणजे ७७ रुपये ७० पैसे येतो. दुकानदाराचे हे २० रुपये विक्रीमूल्यावर २० टक्के, तर खरेदीवर २५ टक्के भरतात. म्हणून टक्केवारी कशावर काढली आहे हे ईमेलमध्ये लिहिले नाही, तर पहिल्याच बिलावर वाद उद्भवतो.

वितरकाचा हिशेब एवढ्यावर संपत नाही. महिन्याला १,००० पाकिटे खपली तर त्याला ६,००० रुपये सुटतात, परंतु पंधरा दिवसांचा साठा आणि दुकानदारांना दिलेली पंधरा दिवसांची उधारी मिळून सुमारे ७८,००० रुपये अडकून पडतात, शिवाय टेम्पोचे भाडे आणि विक्रेत्याचा पगार त्याच ६,००० रुपयांतून जातो. त्यामुळे मुदत संपलेल्या मालाची भरपाई कोण देणार, म्हणजे पुढील बिलातून तितकी रक्कम वळती करणारी क्रेडिट नोट मिळणार की नाही, हे त्याच्यासाठी मार्जिनइतकेच निर्णायक ठरते.

सर्वांत मोठी चूक मात्र एकच दरपत्रक दुकानदार, घाऊक व्यापारी आणि इच्छुक वितरक या सर्वांना पाठवण्याची असते. घाऊक व्यापारी दुकानोदुकानी फिरत नाही, उधारी कमी देतो आणि थोड्या नफ्यावर मोठा माल काढतो. त्याला ७७ रुपये ७० पैशांचाच दर मिळाला तर तो दुकानदाराला ८० रुपयांना पाकीट देऊ शकतो, आणि ८४ रुपयांचा वितरक त्याच पेठेत महागडा ठरून पुढील मागणी नोंदवणे थांबवतो. ‘वितरक काम करत नाही’ अशी उत्पादकाची तक्रार असते तेव्हा पुष्कळदा कारण हेच निघते, आणि दुकानदारांकडील खरेदीची बिले पाहिली की ते उघड होते.

म्हणून ‘सातारा तालुका : कांदा-लसूण मसाल्यासाठी वितरक हवा’ असा नेमका विषय देऊन, १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक, साठवणकाळ, वितरकाचा दर आणि माल परतीची अट यांसह हा ईमेल केवळ इच्छुक वितरकांना पाठवावा, दुकानदारांना ८४ रुपयांचे वेगळे पत्रक द्यावे आणि घाऊक व्यापाऱ्याला त्या तालुक्यात माल वितरकाकडूनच घ्यावा लागेल, हे आधीच लेखी कळवावे.