दोन घरांचे एक कॅप्शन

लग्नाच्या दिवशी वधू-वरांनी मिळून फोटोखाली लिहिलेल्या मजकुराला दोन अटी असतात. दोन्ही घरांना त्यात सारखा मान हवा आणि तो मजकूर त्या दोघांच्याच तोंडचा वाटायला हवा. लग्नपत्रिकेला यातली पहिली अडचण फारशी आली नाही, कारण पत्रिका बहुधा दोन छापल्या जातात. वरपक्षाच्या पत्रिकेत वराचे नाव आधी, वधुपक्षाच्या पत्रिकेत वधूचे. प्रत्येक घर आपल्या माणसांना आपल्या नावाने आमंत्रण देते. दुसरी अटही पत्रिकेला लागू नव्हती. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ अशी सुरुवात करणारा आवाज घरातल्या वडीलधाऱ्यांचा असतो आणि ज्यांचे लग्न आहे ते ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ होऊन त्या वाक्यात येतात. वधू-वरांनी स्वतः बोलण्याची एक जुनी परंपराही महाराष्ट्रात आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या विवाहविधीत मंगलाष्टका वधू आणि वर एकमेकांना उद्देशून म्हणतात. लग्नाच्या दिवशीचे संयुक्त कॅप्शन याच परंपरेच्या जवळचे आहे: बोलणारे ते दोघे, आणि ऐकणारी दोन्ही घरे एकाच वेळी समोर.

एकाच वेळी, हे इथे महत्त्वाचे. इन्स्टाग्रामवर २०२१ पासून एकच पोस्ट दोघांच्या नावाने टाकता येते. एक जण पोस्ट तयार करतो, दुसऱ्याला निमंत्रण पाठवतो आणि ते स्वीकारले की तोच फोटो, तोच मजकूर दोघांच्याही खात्यावर दिसतो. वधूची मावशी आणि वराची आत्या आता एकच वाक्य वाचतात. वधूच्या मैत्रिणींसाठी एक आणि वराच्या चुलत्यांसाठी दुसरा, अशी सोय उरत नाही. मजकुराला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे आणि ती कुणालाही पुरून उरते. अडचण वेगळीकडे येते: स्क्रीनवर सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचा मजकूर दाबून उघडावा लागतो. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी यांचीही स्वतंत्र मोजणी होते, त्यामुळे अक्षरे मोजून लिहिणाऱ्याचा अंदाज हमखास चुकतो. एका घराचा उल्लेख पहिल्या ओळीत आणि दुसऱ्याचा चौथ्या ओळीत असेल, तर बहुतेक नातेवाइकांच्या दृष्टीने दुसरे घर त्या मजकुरात नसतेच. म्हणून दोन्ही घरे पहिल्याच ओळीत यायला हवीत. पुढचे सगळे कौशल्य यानंतरचे.

एक जोडपे कल्पावे. वधू अमरावतीची, वर कुडाळचा, दोघेही नोकरीसाठी पुण्यात. लग्नाच्या धावपळीत अशा जोडप्याकडून पहिला मसुदा साधारण असा उतरतो:

‘अखेर तो दिवस उजाडला! दोन जीवांचे मीलन, दोन कुटुंबांचे ऋणानुबंध. अमरावतीच्या लेकीचे कुडाळच्या घरात स्वागत. आई-बाबांचे आशीर्वाद आणि सासू-सासऱ्यांचे प्रेम सोबत घेऊन नव्या प्रवासाला सुरुवात.’

यात वाईट हेतू कुठेच नाही, आणि तरीही मजकूर एका बाजूला कललेला आहे. तो कल शोधायची सोपी रीत म्हणजे दोन घरांची अदलाबदल करून वाक्य पुन्हा वाचणे. ‘कुडाळच्या लेकाचे अमरावतीच्या घरात स्वागत’ असे म्हटले की कानाला लगेच खटकते. खटकते याचा अर्थ मूळ वाक्यात एक घर यजमान होते आणि दुसऱ्याने मुलगी पाठवली होती. आता हे दोघे राहणार पुण्याच्या भाड्याच्या घरात, म्हणजे ते स्वागत वस्तुस्थितीलाही धरून नाही. दुसरी गोष्ट त्या ‘आई-बाबा’ आणि ‘सासू-सासरे’ या जोडीची. संयुक्त मजकुरात ‘आई-बाबा’ नेमके कुणाचे? ज्याने टंकले त्याचे. दुसऱ्याचे आईवडील तेवढ्याने नात्याच्या दुसऱ्या पायरीवर जातात. ‘मिस्टर अँड मिसेस’ लिहून पुढे वराचे आडनाव जोडणे हाही त्याच जातीचा प्रकार आहे. लग्नानंतर नाव बदलायचे की नाही हे वधूने ठरवायचे असते, कायद्याने तशी सक्ती नाही. कॅप्शनने तो निर्णय तिच्या आधी जाहीर करून टाकू नये.

अदलाबदल करताना क्रियापदांकडे मुद्दाम पाहावे. नावे दोन्हीकडची असतात, कधी मोजून सारखी असतात, पण एक घर देते, सोपवते, निरोप देते आणि दुसरे घर स्वीकारते, सामावून घेते, मान देते. मराठी लग्नातले कितीतरी विधी याच भाषेत बांधलेले आहेत, आणि विधींना त्यांची जागा आहे. मात्र दोघांच्या नावाने लिहिलेल्या वाक्यात एकाचेच आईवडील देणारे झाले, तर वाचणाऱ्याला तो असमतोल विधीचा वाटत नाही, त्या जोडप्याचा वाटतो. दोन्ही घरांना एकाच प्रकारचे क्रियापद द्यावे: दोन्हीकडचे लोक विचारतात, आणतात, रागावतात, वाट पाहतात.

दुसरी अट, म्हणजे मजकूर दोघांसारखा वाटणे, या मसुद्यात पूर्णपणे हुकली आहे. ‘मीलन’, ‘ऋणानुबंध’, ‘नवा प्रवास’ हे शब्द त्या दोघांनी एकमेकांशी बोलताना कधी वापरलेले नसणार. ते पत्रिकेतून आणि इतरांच्या पोस्टमधून आलेले आहेत, आणि गंमत म्हणून नव्हे तर घाईत हाताशी तेच असतात म्हणून येतात. यमकात नाव गुंफायच्या उखाण्याचेही असेच होते. उखाणा मांडवात, सगळ्यांच्या आग्रहात रंगतो. लिहिला की बहुतेक वेळा यमकच उरते.

मग स्वतःचे शब्द आणायचे कुठून? ते आधीच बोलले गेलेले असतात. लग्न ठरल्यापासून दोन्ही घरांत कोण काय सारखे म्हणत होते, हे दोघांनी वेगवेगळे बसून आठवावे आणि कागदावर उतरवावे. त्यातही प्रत्येकाने दुसऱ्याच्या घराबद्दल लिहावे. आपल्या घराचे कौतुक करताना माणूस मोठ्या शब्दांकडे वळतो. दुसऱ्याच्या घरातले बारकावे मात्र नव्याने दिसलेले असतात. समजा कुडाळच्या मुलाने लिहिले की अमरावतीची आजी प्रत्येक भेटीत एकच विचारते, ‘तिकडं पाऊस किती पडते?’ विदर्भाच्या उन्हात आयुष्य गेलेल्या बाईला नातीच्या नव्या मुलखातल्या पावसाची काळजी वाटणे स्वाभाविक आहे. अमरावतीच्या मुलीने लिहिले की त्याची आई फोनवर पहिल्यांदा विचारते, ‘जेवलंस गो?’ दोन प्रश्न, दोन्ही काळजीचे, दोन्ही त्या-त्या मुलखाच्या बोलीतले. इथे समतोल आपोआप साधला, कारण दोन्ही घरांकडून एकाच वजनाची वस्तू घेतली गेली. एका घराचा प्रेमळ स्वभाव आणि दुसऱ्याची प्रतिष्ठा किंवा वाडा अशी जोडी जमवली, तर शब्द कितीही सारखे मोजले तरी पारडे झुकतेच.

बोली वापरताना एक पथ्य आहे. बोलीचा उपयोग हसवण्यासाठी केला तर एक घर विनोदाचा विषय होते. दोन्ही बोली सारख्याच गंभीरपणे, सारख्याच ठिकाणी याव्यात, आणि त्या-त्या घरातल्या माणसाकडून तपासून घ्याव्यात. अनुस्वार चुकला तरी मालवणी माणसाला तो दिसतो. या जोडप्याचा दुसरा मसुदा असा होऊ शकतो:

‘आमचं लगन झालं. आमचां लगीन झालां.
अमरावतीची आजी विचारते, तिकडं पाऊस किती पडते? कुडाळची आई विचारते, जेवलंस गो?
पाऊस भरपूर आहे आजी, आणि आई, आम्ही दोघंही जेवलो.
आई-पप्पा, आये-बाबा, दोन्ही घरं दमलीत. आज लवकर झोपा.’

पहिल्या ओळीत दोन्ही घरे आली, तीही एकाच अर्थाच्या दोन वाक्यांनी, त्यामुळे कुणी ती उघडून वाचली नाही तरी काही हरवत नाही. वऱ्हाडी वाक्य आधी घेण्यामागे कारण आहे: पोस्ट वर टाकणार असेल तर वरच्या पट्टीत त्याचे नाव आधी दिसते, म्हणून मजकुरात वधूचे घर आधी. ‘आई-पप्पा’ आणि ‘आये-बाबा’ ही ज्या-त्या घरातली हाक आहे. ‘सासू’ किंवा ‘सासरे’ म्हणायची वेळच आली नाही. शेवटची ओळ या जोडप्याच्या बोलण्याची आहे. दुसरे जोडपे तिथे वेगळे काही म्हणेल, आणि तसे म्हणायलाच हवे.

सारखा मान म्हणजे आरशातले प्रतिबिंब नव्हे. वधूचे वडील हयात नसतील आणि तिला त्यांची आठवण काढायची असेल, तर समतोलासाठी वराच्या बाजूचे कुणी दिवंगत नातेवाईक शोधून आणू नयेत. त्या वाक्याच्या शेजारी वराच्या घराबद्दल तेवढेच खरे, वेगळे वाक्य असले की पुरे. एकट्या आईने वाढवलेल्या मुलाच्या बाबतीत एका बाजूला दोन नावे आणि दुसरीकडे एक असे होते. तिथे नावांची संख्या जुळवण्यापेक्षा दोन्ही घरांना दिलेली वाक्ये सारख्या लांबीची ठेवणे अधिक शोभते. अवघड प्रसंग असतो तो एका घराचा लग्नाला विरोध असल्याचा. जे आशीर्वाद मिळाले नाहीत त्यांचे आभार मानणे खोटे ठरते, आणि फक्त एकाच घराचे आभार मानले तर ते दुसऱ्याला जाहीर बोल लावल्यासारखे होते. अशा वेळी कुटुंबांचा उल्लेख दोन्हीकडून गाळून मजकूर दोघांपुरता ठेवणे जास्त प्रामाणिक, आणि पुढे बोलणे सुरू होण्याची वाटही त्याने मोकळी राहते.

नावांच्या यादीचा मोह टाळलेला बरा. आईवडील आणि फार तर आजी-आजोबा, याच्या पुढे गेले की राहिलेल्या काकांचा प्रश्न उभा राहतो आणि त्याला अंत नसतो. टॅग करण्याने हे सुटत नाही, कारण ज्यांचे खाते आहे तेच टॅग होतात आणि दोन्ही घरांतली सर्वांत वयस्क माणसे नेमकी गळतात. ज्यांना खाते नाही त्यांना शब्दांतच आणावे लागते.

मजकूर हळदीच्या आधीच तयार असावा. हळदीनंतर कुणाला निवांत बसायला मिळत नाही, आणि लग्नाच्या संध्याकाळी थकलेल्या हाताने लिहिलेले पुन्हा ‘नव्या प्रवासा’कडे जाते. तयार झाल्यावर तो दोन माणसांना मोठ्याने वाचून दाखवावा: एक वधूच्या घरचे, एक वराच्या घरचे, शक्यतो भावंडे. त्यांना विचारायचे एवढेच, की हे दोघे असे बोलतात का, आणि ऐकताना आपले घर पाहुणे वाटले का. शब्द सुचवायला सांगू नये. सुचवणारे दोनाचे दहा होतात आणि मजकूर सगळ्यांचा होऊन त्या दोघांचा राहत नाही. संयुक्त पोस्टचा मजकूर नंतर बदलायचा झाल्यास तो ज्याच्या खात्यावरून टाकला त्यालाच बदलता येतो. त्यामुळे पोस्ट कोण टाकणार आणि टाकल्यावर दुसऱ्याला विचारल्याशिवाय त्यात शब्दही बदलणार नाही, हे दोघांनी आधीच ठरवून घ्यावे.