जुन्या साहेबांकडे शिफारस मागताना

लिंक्डइनच्या प्रोफाइलवर आपण स्वतःबद्दल काहीही लिहू शकतो. ‘Recommendations’ या भागातला मजकूर मात्र दुसऱ्यानेच लिहावा लागतो. लिहिणाऱ्याचे नाव, तारीख आणि त्याचे आपल्याशी असलेले कामाचे नाते तिथे सगळ्यांना दिसते. तरीही बऱ्याच शिफारशी ‘मेहनती, प्रामाणिक, सर्वांशी मिळूनमिसळून वागणारी व्यक्ती’ एवढ्यावरच संपतात. साहेबांचे मन कोते असते असे नाही. चार वर्षांपूर्वी हाताखाली काम केलेल्या माणसाने नेमके काय केले, हे त्यांना आठवत नाही. ते आठवून देण्याचे काम मागणाऱ्याचे आहे.

समजा, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम केलेली मुलगी आता पुण्यात मटेरियल प्लॅनिंगच्या नोकरीसाठी अर्ज करते आहे. तिचे तेव्हाचे मॅनेजरही दुसरीकडे गेले आहेत. लिंक्डइनवर शिफारस थेट जोडलेल्या व्यक्तीकडेच मागता येते, म्हणून ते आधी तिच्या कनेक्शन्समध्ये हवेत. मग तिने त्यांना फोन करावा आणि त्यांनी होकार दिल्यावरच ‘Ask for a recommendation’ हा पर्याय निवडावा. तिथे दोघांचे नाते आणि त्या वेळचे पद नीट भरावे, कारण शिफारस त्याच नोकरीशी जोडली जाते. संदेशाच्या चौकटीत आधीपासून असलेले वाक्य पुसून तिने असे लिहावे :

“सर, नमस्कार. फोनवर बोलल्याप्रमाणे विनंती पाठवते आहे. मी मटेरियल प्लॅनिंगच्या जागेसाठी अर्ज करते आहे. आठवायला सोपे जावे म्हणून दोन गोष्टी लिहिते. स्टोअरमध्ये माल येऊन पडायचा, पण आवक नोंद उशिरा झाल्याने पुरवठादारांची बिले अडकायची. तेव्हा रोज संध्याकाळी नोंदी पूर्ण करायची पद्धत मी लावली होती. दुसरे म्हणजे, स्टीलचा पुरवठा थांबला तेव्हा मी दुसरा पुरवठादार शोधला आणि लाइन बंद पडली नाही. यातले तुम्हाला योग्य वाटेल तेच लिहा. चार-पाच ओळी पुरेत. महिनाअखेरपर्यंत जमले तर उपयोग होईल. कंपनीच्या नियमात बसत नसेल तर तसे मोकळेपणाने सांगा.”

या संदेशात तिने स्वतःला कुठेही हुशार किंवा कष्टाळू म्हटलेले नाही. दोन प्रसंग दिले आहेत आणि दोन्ही साहेबांच्या डोळ्यांदेखत घडलेले आहेत. विशेषण लावायचे की नाही, हे ते ठरवतील. दोन्ही प्रसंग नव्या नोकरीला लागू पडणारे आहेत : माल वेळेवर येणे आणि त्याची नोंद चोख असणे, हेच प्लॅनिंगचे काम. तिने ऑफिसातला वार्षिक कार्यक्रम छान पार पाडला असेलही, पण तो इथे कामाचा नाही. मुद्दे दोनच ठेवले, कारण सात-आठ दिले तर लिहिणारा एकेक ओळ उरकत जातो. कराराचे दर, ग्राहकांची नावे, उलाढालीचे आकडे असे कंपनीच्या आतले काही तिने दिलेले नाही, कारण शिफारस जाहीर असते.

संपूर्ण मजकूर स्वतःच लिहून ‘फक्त टाका’ म्हणणे सोयीचे वाटते, पण ते टाळावे. तिघांकडून तसे केले की तिन्ही शिफारशींची भाषा एक होते आणि भरती करणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येते. ‘तुम्ही मला द्या, मी तुम्हाला देतो’ हा व्यवहारही लपत नाही, कारण मिळालेल्या आणि दिलेल्या शिफारशी तारखांसह प्रोफाइलवर दिसतात.

शिफारस आली की ती आपण मान्य केल्याशिवाय प्रोफाइलवर जात नाही. मजकूर आपल्याला बदलता येत नाही, पण ‘Ask for revision’ वापरून दुरुस्ती मागता येते. हुद्दा चुकला, साल चुकले किंवा गोपनीय तपशील आला, तर जरूर मागावी. कौतुक कमी पडले म्हणून मागू नये. साहेब गप्प राहिले तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी आणि मग विषय सोडून द्यावा. काही कंपन्या मॅनेजरांना असे लिहू देत नाहीत, तर काहींना आपल्याबद्दल लिहिण्याइतके आठवतही नसते.

मान्य करण्यापूर्वी एकच तपासा : आपले नाव काढून दुसऱ्या कुणाचेही घातले तरी तो मजकूर तसाच चालतो का? चालत असेल, तर आपण दिलेले मुद्देच मोघम होते. पुढच्या वेळी मागताना आधी ते सुधारा.