नफा तेवढाच, वाटे वेगळे

समजा, दोन भावांचं भागीदारीत हार्डवेअरचं दुकान आहे. थोरल्याने आठ लाखांचं भांडवल घातलं, धाकट्याने चार लाखांचं. पण दुकानात पूर्णवेळ उभा राहतो तो धाकटा. वर्षाअखेर ३,६०,००० रुपये निव्वळ नफा झाला. कुणाला किती मिळणार?

करारनाम्यात काहीच ठरलेलं नसेल, तर १९३२च्या भारतीय भागीदारी कायद्याप्रमाणे नफा समान वाटला जातो, म्हणजे प्रत्येकी १,८०,०००. भांडवलावर व्याज नाही, कामाचा पगारही नाही. थोरल्याच्या जादा पैशाला आणि धाकट्याच्या कष्टाला हिशेबात जागाच उरत नाही.

आता करारनाम्यात तीन गोष्टी लिहिल्या आहेत असं धरू: भांडवलावर ६ टक्के व्याज, धाकट्याला महिना १०,००० पगार आणि उचलीवर १० टक्के व्याज. उरलेला नफा समान.

थोरला दर महिन्याच्या १ तारखेला घरखर्चासाठी १०,००० उचलतो. एप्रिलची उचल मार्चअखेरपर्यंत बारा महिने बाहेर राहते, मार्चची एकच महिना. सरासरी साडेसहा महिने. म्हणून १,२०,०००च्या उचलीवर व्याज ६,५०० रुपये. हेच पैसे महिनाअखेरीस उचलले असते, तर सरासरी साडेपाच महिने धरले असते.

हे व्याज दुकानाचं येणं, म्हणून ते नफ्यात मिळवायचं: ३,६६,५००. त्यातून भांडवलावरचं व्याज थोरल्याला ४८,००० आणि धाकट्याला २४,०००, शिवाय धाकट्याचा पगार १,२०,००० द्यायचा. उरतात १,७४,५००, म्हणजे प्रत्येकी ८७,२५०. उचलीचं व्याज वजा जाता थोरल्याच्या पदरात १,२८,७५० पडतात, धाकट्याच्या २,३१,२५०. दोन्हींची बेरीज पुन्हा ३,६०,०००. ही बेरीज मूळ नफ्याशी जुळली नाही, तर हिशेबात कुठेतरी चूक आहे असं समजावं.

नेहमीची चूक म्हणजे धाकट्याचा पगार नोकरांच्या पगारासोबत खर्चात टाकणं आणि वाटपाच्या वेळी पुन्हा देणं. भागीदार हा नोकर नाही, मालक आहे. त्याचा पगार नफा काढून झाल्यावर, नफा-तोटा विनियोजन खात्यात दाखवायचा.

म्हणूनच नफा अपुरा असेल तर हे हक्कही आखडतात. समजा, नफा ८९,५००च झाला. उचलीचं व्याज धरून ९६,००० होतात, पण देणं आहे १,९२,०००. अशा वेळी प्रत्येक रक्कम निम्मी मिळते: थोरल्याला व्याज २४,०००, धाकट्याला व्याज १२,००० आणि पगार ६०,०००. वाटायला काहीच उरत नाही. तोट्याच्या वर्षी भांडवलावरचं व्याज आणि हा पगार दोन्ही मिळत नाहीत, उचलीचं व्याज मात्र लागतंच. तोट्यातही पगार मिळावा असं धाकट्याला वाटत असेल, तर तसं कलम करारनाम्यात आधीच घालून घ्यावं लागेल.