एस्टिमेट २८ हजारांचं, मंजुरी २२ हजारांची

अपघातानंतर गॅरेजवाला एस्टिमेट देतो आणि तेवढे पैसे विम्यातून मिळणार असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात हातात कमी रक्कम पडते. त्यात फसवणूक झाली असेलच असं नाही. सर्व्हेअरचा अहवाल ओळीओळीने वाचता आला, तर कुठे किती कापलं आणि का, ते समजतं.

एक उदाहरण घेऊ. ११९७ सीसीची मोटार, वय सव्वातीन वर्षं, समोरून धडक. एस्टिमेट असं: बंपर ६,०००, पत्र्याचं फेंडर ४,०००, पुढची काच ७,०००, रंगकाम ८,००० आणि मजुरी ३,०००. एकूण २८,००० रुपये.

विमा नुकसान भरून देतो, जुन्याच्या जागी नवं घेऊन देत नाही. म्हणून सुट्या भागांवर घसारा लागतो. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर तो थेट ५० टक्के असतो, त्यामुळे बंपरचे ३,००० उरतात. धातूच्या भागांचा दर गाडीच्या वयावर ठरतो. तीन ते चार वर्षांसाठी तो २५ टक्के आहे, म्हणून फेंडरचे ३,०००. काचेवर घसारा नाही, मजुरीवरही नाही. रंगकामाचं बिल एकत्र असेल तर त्यातला चौथा हिस्सा रंगसामानाचा मानतात आणि फक्त त्याच्यावर ५० टक्के कापतात. इथे ते १,००० होतात, ७,००० मिळतात. बेरीज २३,०००. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला लागू असलेली १,००० रुपयांची सक्तीची वजावट गेली की उरतात २२,०००. झिरो डेपची जोड घेतली असेल, तर पॉलिसीच्या अटींनुसार घसाऱ्याची कपात टळते.

वाद होतो तो बहुधा दरांवरून नव्हे, आधीच्या एका प्रश्नावरून: हा भाग खरंच याच अपघातात मोडला का? फेंडरच्या पोचेत गंज दिसला तर ती पोच जुनी ठरते आणि ती ओळ अहवालातून जाते. बंपर दुरुस्त होण्यासारखा असेल तर बदलण्याचा खर्च मान्य होत नाही. म्हणून सर्व्हेअरने पाहण्याआधी गाडी उघडू देऊ नका. उघडल्यावर आतलं आणखी काही मोडलेलं निघालं, तर काम थांबवून त्याला पुन्हा बोलवा आणि पुरवणी एस्टिमेट द्या. काढलेले भाग पाहणी संपेपर्यंत गॅरेजमध्येच ठेवायला सांगा.

एस्टिमेट हा अंदाज असतो. पैसे ठरतात ते अंतिम बिलावर, आणि तेही मान्य झालेल्या भागांपुरते. बिलात ‘सुटे भाग व मजुरी’ अशी एकच रक्कम असेल, तर घसारा कशावर लावायचा हेच कळत नाही. प्रत्येक भाग, रंग आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, पैसे भरल्याची पावती जोडा. मग एखादी ओळ कापली गेली, तर तेवढ्याच ओळीचं लेखी कारण विमा कंपनीकडे मागता येतं.