घाटमाथ्यावरची क्रीम किनाऱ्यावर का मानवत नाही?

बेळगावच्या उत्तरेकडील कडोलीतून एखादी तरुणी नोकरीनिमित्त पणजीत येते, तेव्हा सामानासोबत तिची नेहमीची क्रीमची डबीही येते. घाटमाथ्यावर थंडीत कोरडा वारा सुटतो, गाल ओढल्यासारखे होतात; तेथे ती क्रीम तिला छान मानवलेली असते. मे महिन्यात पणजीत तीच लावली की दुपारपर्यंत कपाळ चिकट होते आणि हनुवटीवर पुटकुळ्या दिसू लागतात. मग क्रीम बंद होते, चेहरा दिवसातून चार-पाच वेळा साबणाने धुतला जातो. आठवड्याभरात गालांची साल निघू लागते, नाक मात्र तेलकटच राहते.

येथे गल्लत होते ती तेल आणि पाणी यांची. त्वचेतील ग्रंथींतून स्रवणारे तेल वेगळे आणि त्वचेच्या वरच्या थरात धरून ठेवलेले पाणी वेगळे. कपाळ, नाक व हनुवटीवर तेलग्रंथी अधिक असतात, गालांवर कमी. मिश्र त्वचा म्हणतात ती हीच. साबणाने वरचे तेल जाते, पण त्याबरोबर पाणी अडवून ठेवणारी नैसर्गिक स्निग्धताही जाते. ग्रंथी तर आपले काम करीतच राहतात. म्हणून एकाच चेहऱ्यावर तेलकटपणा आणि कोरडेपणा शेजारी-शेजारी नांदतात.

क्रीम, लोशन आणि जेल यांतील मुख्य फरक तेलाच्या प्रमाणाचा आहे. क्रीममध्ये ते अधिक असते. तिचा थर पाण्याला बाहेर जाऊ देत नाही. कोरड्या हवेत तेच हवे असते. लोशन हेही तेल-पाण्याचेच मिश्रण, पण पातळ. जेलमध्ये बहुधा तेल नसते किंवा अगदी थोडे असते. पाणी, ते धरून ठेवणारे ग्लिसरीन आणि त्याला दाटपणा देणारा कार्बोमरसारखा पदार्थ एवढेच त्याचे सार. किनाऱ्यावरील दमट हवेत त्वचेतून पाणी उडण्याचा वेग मुळातच मंदावतो. घामही वाळत नाही. अशा वेळी क्रीमचा जाड थर घाम आणि तेल यांच्यावर झाकण घालतो.

मग सरळ जेल घ्यावे? बाहेर फिरणाऱ्यास ते पुरेल. परंतु आपली कडोलीची तरुणी आठ तास वातानुकूलित कार्यालयात बसते आणि तेथील हवा कोरडी असते. तिने प्रथम आपली त्वचा तपासावी: सकाळी सौम्य फेसवॉशने चेहरा धुवून काहीही न लावता तासभर थांबावे आणि टिश्यू पेपरचे तुकडे निरनिराळ्या भागांवर दाबून पाहावेत. नाक व कपाळावरचा कागद पारदर्शक झाला आणि गालावरचा कोराच राहिला, तर कपाळ-नाक-हनुवटीला वाटाण्याएवढे जेल आणि गालांना तेवढेच लोशन, तेही चेहरा किंचित ओला असतानाच लावावे. वर सनस्क्रीन लागणारच असल्याने, ते स्निग्ध असेल तर तेलकट भागावर वेगळे मॉइश्चरायझर न लावले तरी चालते. चेहरा दिवसातून दोनदाच धुवावा. मधल्या वेळी घाम रुमालाने टिपावा, घासू नये.

जेलविषयी एक गंमत सांगण्यासारखी आहे. कार्बोमरचे जेल तळहातावर घेऊन त्यावर चिमूटभर मीठ टाकले तर ते पाहता पाहता पातळ होते. चेहऱ्यावरील घामाचे क्षारही हेच करतात; म्हणून जेल लावताच ‘पाणी सुटल्यासारखे’ वाटते. यात बिघाड काही नाही. मात्र जेल वाळण्याआधी सनस्क्रीन चोळले तर मळासारख्या बारीक वळ्या निघतात. प्रमाण कमी करून काही मिनिटे थांबावे. लेबलावर मात्र नजर टाकावी. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या दोन-तीन नावांत ‘अल्कोहोल डिनॅट’ दिसले, तर लावताना मिळणारा थंडावा नंतर गाल कोरडे करून वसूल होण्याची शक्यता असते. ‘सिटाइल अल्कोहोल’ मात्र नावाने फसवते. तो मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे. नवे उत्पादन आठवडाभर जबड्याच्या कडेला लावून पाहावे.

क्रीम बदलूनही कपाळावर एकसारख्या आकाराच्या, खाज सुटणाऱ्या बारीक पुटकुळ्या राहिल्या, तर त्या मुरुमांच्या असतीलच असे नाही. त्वचेवर नेहमीच असणारी मॅलॅसेझिया ही बुरशी घामट, उष्ण हवेत केसांच्या मुळांशी वाढते आणि तिचे अन्न म्हणजे स्निग्ध आम्ले. आपल्याकडे अशा वेळी घरातली माणसे मायेने खोबरेल तेल सुचवतात. नेमके तेच तिला पोसते. मुरुमांसाठी दिलेली प्रतिजैविकेही येथे उपयोगी पडत नाहीत, उलट कधीकधी त्रास वाढवतात. दुकानातून विनाचिठ्ठी आणलेले स्टेरॉइडचे मलम तर मुळीच लावू नये. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशीला रान मोकळे मिळते. अशा पुटकुळ्यांना बुरशीनाशक औषध लागते आणि ते त्वचारोगतज्ज्ञांनी पाहून द्यायचे असते.