राउंडचं पहिलं मिनिट

सकाळी नऊला मेडिकल वॉर्डात हाक येते, ‘नातेवाईकांनी बाहेर व्हा, राउंड आहे.’ रात्रभर खाटेशेजारी सतरंजीवर जागून काढलेली माणसं उठतात आणि दाराशी घुटमळत राहतात. सगळ्यांचं लक्ष येणाऱ्या डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे असतं. डॉक्टरांनी केस पेपर चाळता चाळता नुसत्या भुवया उंचावल्या, तरी आजार बळावला असं बाहेर ठरून जातं.

न्यूमोनिया झालेल्या एका सत्तरीच्या आजोबांचं उदाहरण घ्या. डॉक्टर आधी त्यांच्याशीच बोलतात: ‘काय आजोबा, झोप लागली का? घरच्यांसमोर तब्येतीचं बोललं तर चालेल ना?’ आजोबा मान डोलावतात. मग बाजूच्या बाईंना, ‘नमस्कार. मी या वॉर्डाची डॉक्टर, आजोबांवर माझे उपचार चालू आहेत. तुम्ही त्यांच्या कोण?’ हे विचारायलाच हवं. अंदाजाने बायकोला मुलगी किंवा बहिणीला बायको म्हटलं, तर पुढचं बोलणं अवघडून जातं.

यानंतरचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो: ‘काल रात्री तुम्हाला काय सांगितलं?’ आजी पदराने डोळे पुसत म्हणतात, ‘ऑक्सिजन लावलाय. म्हणजे आता काही खरं नाही ना?’ डॉक्टर अँटिबायोटिकचं सांगायला आल्या होत्या, आणि आजी रात्रभर वेगळ्याच भीतीत होत्या. आता त्या स्टूल ओढून बसतात. ‘आजी, फुफ्फुसाला सूज आहे, ती उतरेपर्यंत ऑक्सिजनचा आधार दिलाय. रात्री मिनिटाला ८ लिटर लागत होता, आता ४ लिटर पुरतोय. सुधारणा आहे. पण धोका पूर्ण टळलेला नाही, अजून दोन दिवस लक्ष ठेवावं लागेल. संध्याकाळी पाचला मी पुन्हा येईन.’

‘काही काळजी करू नका’ या वाक्याने मात्र सुरुवात करू नये. आजींच्या मनात काय आहे हे कळण्याआधीच ते वाक्य त्यांचं बोलणं बंद करतं. आणि दुपारी तब्येत बिघडली, तर डॉक्टरांच्या पुढच्या शब्दावरही विश्वास उरत नाही. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून विद्यार्थ्यांशी इंग्रजीत चर्चा करणंही तसंच. नातेवाइकांना त्यातला ‘सिरियस’ एवढाच शब्द कळतो.

राउंड पुढे सरकल्यावर घरचे सिस्टरना गाठून ‘डॉक्टर काय म्हणाले हो?’ विचारू लागले, तर पहिलं मिनिट फुकट गेलं असं समजावं.

ब्रिटनमधल्या डॉ. केट ग्रेंजर यांना स्वतः कॅन्सरच्या रुग्ण म्हणून दाखल झाल्यावर जाणवलं की अनेक कर्मचारी आपलं नावही सांगत नाहीत. २०१३ मध्ये त्यांनी ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली.

तुमचं माणूस दाखल असेल तर घरातल्या एकालाच बोलायला पुढे करा, प्रश्न कागदावर लिहून ठेवा. आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं नाही, तर निःसंकोच विचारा.